निष्क्रिय आभासी यंत्रांचा शोध : सीपीयू-वापराच्या नोंदींचा इतिहास आणि त्या नोंदींच्या साक्षीच्या मर्यादा

प्रस्तावना

संगणक चालू आहे. परंतु तो काही काम करीत आहे काय, हा प्रश्न संगणकाइतकाच जुना आहे. मात्र या प्रश्नाचे उत्तर कोणाला हवे असते आणि ते कशासाठी हवे असते, हे प्रत्येक कालखंडात बदलत गेले आहे. १९६० च्या दशकात हा प्रश्न संगणक-केंद्राच्या व्यवस्थापकाला पडत असे, १९८० च्या दशकात तो विद्यापीठातील संशोधकांना पडला आणि २००६ नंतर तो भाडे भरणाऱ्या ग्राहकाला पडू लागला. आज क्लाउडवर शेकडो आभासी यंत्रे, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन्स, भाड्याने घेणाऱ्या संस्थेचे मासिक देयक कमी करावयाचे झाल्यास पहिला उपाय म्हणून सीपीयू-वापराचा इतिहास तपासला जातो. ज्या यंत्राचा सीपीयू कित्येक दिवस जवळजवळ स्वस्थ आहे ते यंत्र निष्क्रिय समजावे, असा हा साधा नियम आहे. हा नियम कोठून आला, सीपीयूलाच साक्षीदार म्हणून का निवडले गेले आणि ही साक्ष कोठे फसते, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

सेकंदांचा हिशेब आणि तासांचा हिशेब

पहिल्या पिढीतील मोठे संगणक इतके महाग होते, की त्यांचा रिकामा क्षणही व्यवस्थापकांना बोचत असे. एका वापरकर्त्याने विचार करीत बसावे आणि तोवर यंत्राने थांबून राहावे, ही चैन परवडणारी नव्हती. अनेकांनी एकच यंत्र एकाच वेळी वापरावे, ही कालविभाजनाची कल्पना याच अस्वस्थतेतून पुढे आली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटाने नोव्हेंबर १९६१ मध्ये अशा प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखविले. त्याच वर्षी त्याच संस्थेच्या शताब्दी समारंभात जॉन मॅकार्थी यांनी संगणकसेवा ही पुढे टेलिफोनसारखी सार्वजनिक सेवा होऊ शकेल, असा विचार मांडला. क्लाउडच्या इतिहासात या भाषणाचा उल्लेख हमखास येतो. मात्र त्या काळातील आकारणीची पद्धत आणि आजची पद्धत यांत जो मूलभूत फरक आहे, त्याकडे सहसा दुर्लक्ष होते.

कालविभाजनाच्या आणि त्यानंतरच्या मेनफ्रेम केंद्रांत ग्राहकाला लावल्या जाणाऱ्या आकारणीचा मुख्य घटक होता प्रत्यक्ष खर्च झालेला सीपीयूचा वेळ. आयबीएमच्या सिस्टम/३६० या १९६४ साली जाहीर झालेल्या यंत्रमालिकेसाठी त्या दशकाच्या अखेरीस जी नोंदप्रणाली उपलब्ध झाली, तिच्यात प्रत्येक कामाने किती सीपीयू वेळ घेतला याची नोंद होत असे आणि त्या नोंदींवरून विभागवार देयके तयार होत. यंत्राला काम नसले म्हणजे प्रक्रियक 'प्रतीक्षा' अवस्थेत जाई आणि नियंत्रणफलकावर WAIT असे लिहिलेला दिवा लागे. तो दिवा लागलेला असताना होणारे नुकसान केंद्राचे असे, ग्राहकाचे नव्हे. ग्राहकाने वापरलेच नाही, तर त्याच्याकडून घ्यावयाचे काय?

आभासी यंत्र ही कल्पनाही याच काळातील आहे. आयबीएमने १९७२ मध्ये जाहीर केलेल्या व्हीएम/३७० या प्रणालीत प्रत्येक वापरकर्त्याला स्वतःचे स्वतंत्र यंत्र असल्याचा आभास मिळत असे. एखादे आभासी यंत्र प्रतीक्षेत गेले, की नियंत्रक कार्यक्रम खरा प्रक्रियक तत्काळ दुसऱ्या यंत्राकडे वळवीत असे. अर्थात निष्क्रिय आभासी यंत्राची किंमत तेथे नगण्य होती. शंभर यंत्रांपैकी नव्वद झोपलेली असणे हा तेथे दोष नव्हता. त्या गृहीतकावरच ती व्यवस्था उभी होती.

वैयक्तिक संगणक स्वस्त झाल्यावर निष्क्रियतेची बोच गेली. मेजावरचे यंत्र रात्रभर काही न करता चालू राहिले, तरी त्याचे कोणाला काही वाटेनासे झाले. या बेफिकिरीत विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातील संशोधकांना एक संधी दिसली. मायकेल लित्झको, मिरॉन लिव्हनी आणि मॅट मुत्का यांनी १९८८ मध्ये 'कॉन्डॉर' या प्रणालीवरील आपल्या निबंधात तिला निष्क्रिय संगणकांची शिकारी असेच म्हटले. सहकाऱ्याचे यंत्र रिकामे दिसले, की त्यावर दीर्घ गणिते पाठवावयाची आणि तो परत आला की ती तेथून हलवावयाची, असे तिचे कार्य होते. यंत्र रिकामे आहे हे ठरविण्यासाठी पुढील काळातील कॉन्डॉरच्या रूढ मांडणीत दोन खुणा एकत्र पाहिल्या जात: कळफलकाला पंधरा मिनिटांत कोणी हात लावलेला नाही आणि यंत्रावरील सरासरी भार ०.३ पेक्षा अधिक नाही. केवळ सीपीयूवर या संशोधकांनी भिस्त ठेवली नव्हती, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. शिवाय अंदाज चुकला तरी फारसे बिघडत नसे. गणिताची स्थिती जतन करून ते दुसऱ्या यंत्रावर पुढे चालू ठेवता येई.

ऑगस्ट २००६ मध्ये ॲमेझॉनने ईसी२ ही सेवा प्रायोगिक स्वरूपात खुली केली, तेव्हा आकारणीचे एकक बदलले. एका यंत्राचा दर होता ताशी दहा सेंट आणि तासाचा काही भाग वापरला तरी पूर्ण तासाचे पैसे लागत. सीपीयूने किती सेकंद काम केले याला देयकात काही स्थान नव्हते. यंत्र चालू होते की नव्हते, एवढेच विचारले जाई. तीस दिवस चालू राहिलेल्या त्या यंत्राचे देयक ७२ डॉलर होई, मग त्याने रात्रंदिवस गणिते केलेली असोत की एकही केलेले नसो. पुढे ऑक्टोबर २०१७ मध्ये लिनक्स यंत्रांसाठी सेकंदावर आकारणी आली, परंतु तो सेकंदही 'चालू असण्याचा' आहे, 'काम करण्याचा' नव्हे. व्हीएम/३७० मध्ये जी निष्क्रियता व्यवस्थेने शोषून घेतली होती, ती येथे ग्राहकाच्या माथी आली. निष्क्रिय यंत्रे शोधण्याची आजची सारी धडपड या एका बदलातून निर्माण झाली आहे.

सीपीयूच साक्षीदार का?

प्रारंभीच्या ईसी२ ग्राहकापुढे दोन अडचणी होत्या. पहिली म्हणजे इतिहासच नव्हता. यंत्राच्या आत स्वतः नोंदप्रणाली बसविल्याखेरीज त्याने गेल्या महिन्यात काय केले हे कळण्यास मार्ग नव्हता. दुसरी अडचण अधिक गंभीर होती: यंत्र तात्पुरते थांबविण्याची सोयच नव्हती. ते चालू ठेवा किंवा कायमचे नष्ट करा, एवढेच पर्याय होते, आणि नष्ट केले की त्याच्या स्थानिक डिस्कवरील सर्व काही जात असे. अशा स्थितीत 'हे बहुधा निष्क्रिय असावे' एवढ्या अंदाजावर कोण हात टाकणार?

या दोन्ही अडचणी २००९ या एकाच वर्षी दूर झाल्या. मे महिन्यात क्लाउडवॉच ही मापनसेवा सुरू झाली आणि डिसेंबरमध्ये यंत्राची मूळ डिस्क स्वतंत्र जालसंलग्न साठ्यावर ठेवून यंत्र थांबविण्याची आणि पुन्हा सुरू करण्याची सोय आली. पुढच्या वर्षअखेरीस पाच मिनिटांच्या अंतराने होणारे मापन विनामूल्य झाले. त्यानंतर प्रत्येक यंत्राचा `CPUUtilization` हा आकडा कोणी मागो वा न मागो, साठू लागला.

येथे एक तांत्रिक बाब समजून घेणे आवश्यक आहे. आभासी यंत्रांच्या खाली जे नियंत्रक सॉफ्टवेअर असते, तेच प्रत्येक यंत्राला खरा प्रक्रियक वाटून देते. त्यामुळे कोणाला किती वेळ दिला हे त्याला आपोआप ठाऊक असते. जालावरून जाणारी-येणारी माहितीही त्याच्या हातूनच जाते. स्मृतीचे तसे नाही. यंत्राला सोळा गिगाबाइट स्मृती दिली, की तिच्यातील किती भाग खरोखर उपयोगात आहे हे केवळ यंत्राच्या आतील कार्यप्रणालीच सांगू शकते. म्हणूनच आजही क्लाउडवॉचमध्ये स्मृतीचा आकडा हवा असेल, तर यंत्रात वेगळा मापक बसवावा लागतो. सीपीयू हा निष्क्रियतेचा सर्वोत्तम साक्षीदार आहे म्हणून निवडला गेला, असे नव्हे. तो दाराबाहेर उभा राहूनही दिसतो, म्हणून निवडला गेला.

पुढे ॲमेझॉनच्या ट्रस्टेड ॲडव्हायझर या सल्लासेवेने या आकड्यांवर आधारित एक नियम रूढ केला. मागील चौदा दिवसांपैकी किमान चार दिवशी सरासरी सीपीयू-वापर दहा टक्के किंवा त्याहून कमी आणि जालावरील देवाणघेवाण पाच मेगाबाइट किंवा त्याहून कमी असेल, तर ते यंत्र अल्पवापराचे समजावे, असा हा नियम होय. चौदा दिवसांच्या खिडकीमागे एक व्यावहारिक कारणही दिसते. प्रारंभी क्लाउडवॉचमधील नोंदी दोन आठवडेच टिकत असत आणि जे जतनच केले नाही त्यावर नियम बेतता येत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोंदींचे आयुष्य वाढविण्यात आले. पाच मिनिटांच्या नोंदी ६३ दिवस आणि तासाच्या नोंदी ४५५ दिवस राहू लागल्या. तरीही चौदा दिवसांची सवय मात्र टिकून राहिली.

निष्क्रियतेचे प्रमाण किती मोठे आहे, याचा अंदाज याच दशकात आला. जोनाथन कूमी आणि जॉन टेलर यांनी २०१५ मध्ये सुमारे चार हजार प्रत्यक्ष सर्व्हरांच्या नोंदी तपासून असे दाखविले, की त्यांतील तीस टक्के यंत्रांनी सहा महिने वा अधिक काळ कोणतीही उपयुक्त सेवा दिली नव्हती. दोन वर्षांनी त्यांनी अधिक मोठा नमुना घेतला, तेव्हा आभासी यंत्रांमध्येही हे प्रमाण तीस टक्क्यांच्या घरात निघाले. आभासीकरणामुळे उधळपट्टी थांबेल, अशी जी अपेक्षा होती तिला हा धक्काच होता. यंत्र निर्माण करणे सोपे झाले, परंतु ते बंद करण्याची जबाबदारी कोणाची हे ठरले नाही, हे त्याचे सरळ कारण मानता येईल. या दोघांनी सहा महिन्यांच्या निरीक्षणावर भर दिला, ही गोष्ट चौदा दिवसांच्या नियमाशी ताडून पाहण्यासारखी आहे.

तीन यंत्रांचे उदाहरण

नियमाची पारख करण्यासाठी एक कल्पित परंतु नेहमी आढळणारी स्थिती घेऊ. एका संस्थेकडे m5.xlarge या प्रकारची तीन यंत्रे आहेत. प्रत्येकात चार आभासी प्रक्रियक आणि सोळा गिगाबाइट स्मृती आहे. व्हर्जिनिया विभागातील लिनक्सच्या जाहीर दराने, म्हणजे ताशी ०.१९२ डॉलर धरून, महिन्याच्या ७३० तासांचे भाडे प्रत्येकी १४०.१६ डॉलर होते. प्रत्येक यंत्राला शंभर गिगाबाइटची डिस्क आहे आणि तिचे प्रत्येकी आठ डॉलर पडतात. तिघांचे मिळून मासिक देयक ४४४.४८ डॉलर येते. तिन्ही यंत्रांचा चौदा दिवसांचा सरासरी सीपीयू-वापर एक ते अडीच टक्के आहे. केवळ सरासरी पाहणारा हिशेबनीस तिन्ही यंत्रांवर एकाच वेळी फुली मारील.

'क' या यंत्रावर एक चाचणी-प्रकल्प होता. प्रकल्प संपला, यंत्र राहिले. दररोज मध्यरात्रीनंतर वीस मिनिटे त्याचा वापर ३५ टक्क्यांपर्यंत चढतो, कारण विषाणूशोधक कार्यक्रम डिस्क तपासतो. एरवी तो एक टक्क्याच्या आसपास असतो. पूर्ण शून्य तो कधीच होत नाही, कारण कार्यप्रणालीची स्वतःची घरकामे चालूच असतात: नोंदवह्या फिरविणे, सुधारणा तपासणे, मापकांना उत्तरे देणे.

'ख' या यंत्रावर वेतनाची गणना होते. महिन्याच्या अखेरच्या दिवशी दोन तास त्याचा वापर ९० टक्के असतो, उरलेले ७२८ तास एक टक्का. महिन्याची सरासरी काढली तर ७२८ आणि १८० मिळून ९०८ ला ७३० ने भागावे लागते; उत्तर येते १.२४ टक्के. तपासणी १० ते २३ तारखेच्या खिडकीत झाली, तर ते दोन तास मुळात दिसणारच नाहीत आणि कमाल वापरही चार टक्क्यांच्या पुढे जाणार नाही.

'ग' या यंत्रावर संकेतस्थळाच्या वापरकर्त्यांची चालू सत्रे स्मृतीत ठेवलेली आहेत. सीपीयू अडीच टक्के, परंतु स्मृती ऐंशी टक्के भरलेली. हे यंत्र बंद पडले, तर त्या क्षणी सर्व वापरकर्ते बाहेर फेकले जातील.

सरासरी फसवते, हे सर्वजण मान्य करतात आणि मग शतमकाकडे वळतात. ९५ वे शतमक म्हणजे ज्या आकड्याच्या खाली ९५ टक्के नोंदी असतात तो आकडा. अधूनमधून येणाऱ्या उसळ्या त्याच्यामुळे गाळल्या जातात, असे त्याचे कौतुक होते. परंतु तो नेमके काय गाळतो, हे मोजून पाहिले पाहिजे. चौदा दिवसांत पाच मिनिटांच्या ४०३२ नोंदी होतात. त्यांतील पाच टक्के म्हणजे सुमारे २०२ नोंदी, अर्थात जवळजवळ १७ तास. दिवसाला सव्वा तासाहून किंचित कमी चालणारे कोणतेही काम ९५ व्या शतमकाला दिसत नाही. 'क' वरील विषाणूशोधकाची वीस मिनिटे त्यात गळून पडतात, हे योग्यच झाले. परंतु एखाद्या यंत्रावर रोज रात्री तासभर चालणारे परीक्षेच्या निकालाचे वा हिशेबाचे खरे काम असेल, तर तेही तितक्याच सहजतेने गळून पडते. 'ख' ची अवस्था याहून बिकट आहे. त्याचे दोन तास महिन्याच्या ०.२७ टक्के एवढेच असल्याने पूर्ण महिन्याच्या नोंदी घेतल्या तरी ९९ वे शतमकही त्यांना ओळखत नाही. सारांश काढणारा आकडा कितीही सुधारला, तरी 'क' आणि 'ख' यांतील भेद त्याला सांगता येत नाही; तो भेद उसळीच्या उंचीत नसून तिच्या वेळापत्रकात आहे.

म्हणून नोंदी आकड्यात दाबण्यापूर्वी त्या दिनदर्शिकेवर पसरून पाहाव्या लागतात. कमाल वापराची मालिका ६३ दिवसांसाठी काढली, तर 'ख' ची दोन महिनाअखेरची शिखरे स्पष्ट दिसतात, तर 'क' ची रोजची एकसारखी कंगोरेदार रेषा दिसते. तासाच्या नोंदींत सरासरी सपाट झाली, तरी त्या तासातील कमाल मूल्य स्वतंत्र राखलेले असते, ही येथे मोठी सोय आहे. ४५५ दिवस म्हणजे सव्वा वर्ष; वर्षातून एकदा चालणारे काम त्यात निदान एकदा तरी सापडते. मुंबई विभागात, जो ॲमेझॉनने २०१६ मध्ये सुरू केला, यंत्रे ठेवणाऱ्यांनी आणखी एक खबरदारी घ्यावयास हवी. नोंदींवरील वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार असतो. त्यामुळे येथे एक तारखेला पहाटे तीन वाजता झालेले काम नोंदीत आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रात्री साडेनऊला झाल्याचे दिसते, आणि 'महिनाअखेरचे' व 'महिनारंभीचे' यांची गल्लत होते.

'ग' च्या बाबतीत दिनदर्शिकाही उपयोगी नाही. तेथे दुसरा साक्षीदार बोलवावा लागतो, तो म्हणजे जालावरील वाहतूक. या यंत्रातून दिवसाला कित्येक गिगाबाइट माहिती ये-जा करते, आणि तेवढ्यावरून ते संशयातून मुक्त होते. उलट 'क' ची वाहतूक दिवसाला दोन मेगाबाइटही भरत नाही. मात्र 'ख' ची वाहतूकही महिनाभर अशीच अल्प असते, हे विसरून चालणार नाही.

प्रक्रियकांची संख्या हे आणखी एक कारण टक्केवारीला फसवे बनविते. आकडा सर्व प्रक्रियकांवर मिळून काढलेला असतो. चार प्रक्रियकांच्या यंत्रात एकच धागा पूर्ण वेगाने धावत असेल, तर वापर २५ टक्के दिसतो. तोच धागा बत्तीस प्रक्रियकांच्या यंत्रात ३.१ टक्के दिसतो. पाच टक्क्यांच्या कोणत्याही नियमाखाली हे अखंड राबणारे यंत्र निष्क्रिय ठरेल. गूगलच्या शिफारस-सेवेने ही अडचण ओळखलेली दिसते. तिचा निकष टक्क्यांत नसून प्रक्रियकांच्या संख्येत आहे: यंत्राच्या चालू काळाच्या ९७ टक्के भागात वापर ०.०३ प्रक्रियकापेक्षा कमी असावा. यंत्र लहान असो वा मोठे, 'निष्क्रिय' या शब्दाचा अर्थ तेथे एकच राहतो.

आता तिन्ही यंत्रांचा निवाडा होऊ शकतो. 'क' थांबवावयाचे, परंतु थांबविल्यावर डिस्कचे आठ डॉलर चालूच राहतात. डिस्कची प्रत काढून मूळ डिस्क काढून टाकली आणि प्रत्यक्ष भरलेला भाग चाळीस गिगाबाइट असेल, तर गिगाबाइटला पाच सेंट दराने महिन्याला दोन डॉलर उरतात. 'ख' बंद न करता वेळापत्रकावर घ्यावयाचे. महिन्यातून पूर्ण एक दिवस चालविले तरी भाडे ४.६१ डॉलर आणि डिस्कचे आठ, असे १२.६१ डॉलर होतात. 'ग' ला स्मृती हवी आहे, प्रक्रियक नव्हेत. r5.large या प्रकारात तेवढीच सोळा गिगाबाइट स्मृती आणि निम्मे प्रक्रियक मिळतात, दर ताशी ०.१२६ डॉलर, डिस्कसह महिन्याला ९९.९८ डॉलर. एकूण देयक ११४.५९ डॉलरवर येते, म्हणजे सुमारे ३३० डॉलरची बचत. सरसकट तिन्ही बंद केली असती, तर देयक २४ डॉलरवर आले असते. तो जो नव्वद डॉलरचा फरक दिसतो, तो म्हणजे पगार वेळेवर होणे आणि संकेतस्थळ चालू राहणे यांची किंमत होय.

थांबविणे आणि वाट पाहणे

नोंदी संशय निर्माण करतात; खात्री मात्र मालकाकडूनच मिळते. आणि मालक सापडणे हीच प्रत्यक्षातील मोठी अडचण असते. यंत्र निर्माण करणारा नोकरी सोडून गेलेला असतो, नावावरून काही बोध होत नाही. नेटफ्लिक्सने २०१३ च्या जानेवारीत मुक्त केलेल्या 'जॅनिटर मंकी' या साधनाने या अडचणीवर एक शिस्त बसविली. संशयित साधनावर आधी खूण करावयाची, त्याच्या मालकाला पत्र पाठवावयाचे, काही दिवस थांबावयाचे आणि कोणी हरकत घेतली नाही तरच ते काढून टाकावयाचे. यंत्रणा कुशल होती यापेक्षा ती विलंब करीत असे, हे तिचे खरे वैशिष्ट्य होते.

मालक मिळाला नाही, तर यंत्र थांबवून कोणी तक्रार करतो का हे पाहण्याची जुनी रीत आहे. ही रीत वाईट नाही. परंतु प्रतीक्षेचा काळ हा कामाच्या आवर्तनापेक्षा मोठा असला पाहिजे, एवढी एक अट ती पाळणारे बहुधा विसरतात. 'ख' पाच तारखेला थांबविले आणि आठवडाभर कोणी ओरडले नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ओरड तीस तारखेला होईल, आणि तोवर डिस्क नष्ट केलेली असेल तर ती ऐकून उपयोग नसेल.

थांबविणे हीदेखील वाटते तितकी निरुपद्रवी क्रिया नाही. ज्या यंत्रांना स्थानिक डिस्क असते, तिच्यावरील माहिती थांबविताच नाहीशी होते. आपोआप मिळालेला सार्वजनिक पत्ता सुटतो आणि पुन्हा सुरू केल्यावर दुसराच मिळतो, त्यामुळे जुना पत्ता कोठे लिहून ठेवलेला असेल तर ते यंत्र चालू असूनही हरवते. कायमचा पत्ता राखला, तर फेब्रुवारी २०२४ पासूनच्या दराने त्याचे महिन्याला ३.६५ डॉलर पडतात, यंत्र बंद असले तरीही. स्वयंचलित गटातील यंत्र थांबविले, तर गट त्याला आजारी समजून त्याच्या जागी नवे उभे करतो. बचत शून्य होते आणि नोंदीत एक नवे यंत्र दिसू लागते. सर्वांत अधिक निराशा होते ती आगाऊ कराराने घेतलेल्या क्षमतेच्या बाबतीत. एक वा तीन वर्षांची बांधिलकी दिलेली असेल आणि ती सवलत वापरणारे दुसरे यंत्र नसेल, तर यंत्र थांबवूनही देयक तसेच येते. अशा वेळी दोष निदानाचा नसून करार तपासला नाही याचा असतो.

निकषांचा अलीकडील प्रवासही या अनुभवांशी सुसंगत आहे. ॲमेझॉनच्या कॉम्प्युट ऑप्टिमायझर या सेवेत नोव्हेंबर २०२४ मध्ये निष्क्रिय साधनांची शिफारस आली, तिचा निकष सरासरीचा राहिला नाही. चौदा दिवसांतील कमाल सीपीयू-वापर पाच टक्क्यांहून कमी आणि जालावरील वाहतूक दिवसाला पाच मेगाबाइटहून कमी, अशी तिची अट आहे. रोज रात्री तासभर राबणारे यंत्र या अटीतून सुटते, ही निश्चितच प्रगती होय. परंतु 'क' वरील विषाणूशोधकामुळे खरोखर निष्क्रिय असलेले ते यंत्रही सुटते, आणि महिन्याच्या मध्यावर तपासलेला, चार टक्क्यांच्या पुढे न गेलेला 'ख' मात्र अजूनही जाळ्यात सापडतो. त्याच सेवेत जादा शुल्क देऊन ९३ दिवसांपर्यंत मागे पाहता येते. त्या खिडकीत तीन महिनाअखेरी येतात आणि 'ख' वाचतो. वर्षातून एकदा मार्चअखेर चालणारे यंत्र सप्टेंबरात तपासले, तर ते त्या खिडकीतही दिसणार नाही, त्यासाठी तासाच्या ४५५ दिवसांच्या नोंदी स्वतःच काढून पाहाव्या लागतात.